पंचवीस सेकंदांत काय ठरवायचं: पीटीईतलं चित्रवर्णन आणि लेक्चर पुन्हा सांगणं

माझ्याकडे सांगलीत विश्रामबागला संध्याकाळी पीटीई अकॅडमिकच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी संगणकावर द्यायच्या इंग्रजी परीक्षेच्या, सरावाला मुलं-मुली येतात. त्यांतल्या बऱ्याच जणी मिरजेच्या दवाखान्यांत काम करणाऱ्या नर्स आहेत आणि त्यांना ऑस्ट्रेलियात नोंदणी करायची आहे. इंग्रजी त्यांना येतं. दिवसभर केसपेपर इंग्रजीत भरतात, डॉक्टरांशी औषधांची नावं इंग्रजीतच बोलतात. तरीही पडद्यावर एखादा आलेख आला आणि सेकंद उलटे मोजायला लागले की तोंड उघडत नाही. हा लेख अशा पहिल्यांदाच बसणाऱ्यांसाठी आहे, आणि तोही फक्त दोन प्रश्नप्रकारांपुरता: डिस्क्राइब इमेज आणि रीटेल लेक्चर.

आधी वेळेचा हिशोब. डिस्क्राइब इमेजमध्ये चित्र पडद्यावर आल्यावर तयारीला 25 सेकंद मिळतात. मग छोटा टोन वाजतो, माइक उघडतो आणि बोलायला 40 सेकंद असतात. रीटेल लेक्चरमध्ये जास्तीत जास्त दीड मिनिटाचं बोलणं एकदाच ऐकवतात. त्यानंतर तयारीला 10 सेकंद, पुन्हा टोन, आणि पुन्हा 40 सेकंद. टोनच्या आधी बोललेलं रेकॉर्ड होत नाही. माइक उघडल्यावर तुम्ही तीन सेकंद गप्प राहिलात तर रेकॉर्डिंग बंद पडतं आणि पुन्हा सुरू करता येत नाही. गुण तीन गोष्टींना असतात: आशय, ओघ आणि उच्चार.

चाळीस सेकंदांत सावकाश, स्पष्ट बोलणारा माणूस साधारण 75 ते 85 शब्द बोलतो. म्हणजे सहा-सात वाक्यं. एवढंच आपलं घर, त्यात जेवढं मावेल तेवढंच सामान घ्यायचं.

अडखळणं येतं कुठून

वर्षानुवर्षं ऐकून माझं एक मत बनलं आहे. आपली मुलं अडखळतात ती शब्द आठवत नाही म्हणून कमी, आणि क्रियापद ठरलेलं नाही म्हणून जास्त. मराठीत क्रियापद शेवटी येतं. "जानेवारीपासून मार्चपर्यंत हळदीची आवक वीस हजार पोत्यांवरून नव्वद हजारांवर..." इथवर बोलून झालं तरी पुढे "गेली" म्हणायचं की "पोचली", हे ठरवायला आपल्याला सवड असते. इंग्रजीत ती सवड नाही. कर्ता बोलून झाला की लगेच क्रियापद लागतं. मनात मराठी वाक्य जुळवत बसलेला माणूस "अरायव्हल्स" म्हणतो आणि तिथेच थांबतो, कारण पुढचा शब्द त्याच्या मनातल्या वाक्याच्या दुसऱ्या टोकाला असतो.

दुसरी अडचण आकड्यांची. आपण "त्रेचाळीस" म्हणताना तीन आधी घेतो, चाळीस नंतर. इंग्रजीत चाळीस आधी. 43 हा आकडा डोळ्यांनी वाचून मनात मराठीत उच्चारला की तो तोंडातून "थर्टी-फोर" होऊन बाहेर पडतो, मग "सॉरी, फॉर्टी-थ्री". एका आकड्यात ओघही गेला आणि वेळही.

म्हणून तयारीच्या सेकंदांत वाक्यं रचायची नाहीत. पंचवीस सेकंदांत सात वाक्यं कुणाच्याच डोक्यात बसत नाहीत. बसली तरी टोन वाजला की दुसऱ्या वाक्यानंतर पुसली जातात. तेवढ्या वेळात तीन गोष्टी ठरवायच्या: काय आधी आणि काय नंतर, प्रत्येक टप्प्याचं क्रियापद, आणि तीन-चार आकडे इंग्रजीत. बाकीचं वाक्य बोलता बोलता होतं.

एक आलेख, सुरुवातीपासून शेवटपर्यंत

सरावासाठी मी आलेख स्वतः काढते, आजूबाजूच्या गोष्टींवर. मुलांना विषय ओळखीचा असला की लक्ष रचनेवर राहतं. त्यांतला एक इथे घेते. आकडे सरावासाठी रचलेले आहेत, बाजार समितीचे नाहीत.

उभ्या स्तंभांचा आलेख. शीर्षक: एका बाजारातील हळदीची आवक, जानेवारी ते जून. उभ्या अक्षावर हजार पोती. जानेवारी 20, फेब्रुवारी 45, मार्च 90, एप्रिल 85, मे 60, जून 15.

मिरजेच्या एका नर्सने पहिल्या दिवशी तो असा सांगितला: "इन जॅन्युअरी इट इज ट्वेंटी. इन फेब्रुअरी इट इज फॉर्टी-फाइव्ह. इन मार्च इट इज..." असं करत ती एप्रिलला पोचली आणि वेळ संपली. एकही आकडा चुकला नव्हता.

ती म्हणाली, "मॅडम, सगळं बरोबर सांगत होते की."

मी म्हटलं, "बरोबर होतं गं. पण जून कुठे गेला? आणि सगळ्यात जास्त आवक कधी झाली, ते तू सांगितलंस का?"

महिन्यामागून महिना वाचत गेलं की आलेखाची गोष्टच सांगायची राहून जाते. या आलेखाची गोष्ट अशी: आवक झपाट्याने चढली, मार्च-एप्रिलमध्ये माथ्यावर राहिली, मग उतरली. चढण, माथा, उतार. सहा महिन्यांचे तीन तुकडे झाले.

आता ते 25 सेकंद कसे वापरायचे ते पाहू.

पहिली पाच सेकंद चित्राकडे बघायचंच नाही, फक्त अक्षरं वाचायची: शीर्षक, खालचा अक्ष, उभा अक्ष आणि एकक. एकक चुकलं तर पुढचा प्रत्येक आकडा चुकतो. इथे "हजार पोती" वाचायचं राहिलं तर नव्वद हजार पोत्यांची नव्वद पोती होतात.

पुढची दहा सेकंद सगळ्यात उंच स्तंभ, सगळ्यात बुटका स्तंभ आणि त्यांच्यातली वाट शोधायची. हाताशी पुसता येणारी वही आणि पेन असतं, त्यावर एवढंच लिहायचं: 20, वर बाण, 90 मार्च, खाली बाण, 15 जून. बाणाशेजारी क्रियापद: रोज, फेल. इथे "रोज" म्हणजे चढली आणि "फेल" म्हणजे उतरली, हे सांगून ठेवलेलं बरं. देवनागरीत वाचताना गोंधळ होतो.

उरलेल्या दहा सेकंदांत वहीवरचे आकडे एकदा इंग्रजीत पुटपुटायचे: ट्वेंटी थाउजंड, नाइंटी थाउजंड, फिफ्टीन थाउजंड. फिफ्टीन म्हणताना जोर शेवटच्या "टीन"वर आणि तो लांबवून, फिफ्टी म्हणताना जोर सुरुवातीच्या "फिफ्"वर. हा फरक गुण देणाऱ्या मशीनलाही कळला पाहिजे आणि माणसालाही. मग पहिलं वाक्य जिभेवर आणून ठेवायचं. फक्त पहिलंच. टोन वाजला की ते आपोआप बाहेर पडतं, आणि ते चालू असताना डोळे दुसऱ्या टप्प्यावर जातात.

तीन आठवड्यांनी त्याच मुलीने तोच आलेख असा सांगितला:

"द बार चार्ट शोज टर्मरिक अरायव्हल्स ॲट अ मार्केट फ्रॉम जॅन्युअरी टू जून. द फिगर्स आर इन थाउजंड्स ऑफ बॅग्ज. अरायव्हल्स रोज शार्पली फ्रॉम ट्वेंटी थाउजंड इन जॅन्युअरी टू नाइंटी थाउजंड इन मार्च, व्हिच वॉज द हायेस्ट पॉइंट. एप्रिल वॉज ऑलमोस्ट ॲज बिझी, ॲट एटी-फाइव्ह थाउजंड. आफ्टर दॅट, द नंबर्स फेल क्विकली, अँड बाय जून ओन्ली फिफ्टीन थाउजंड बॅग्ज केम इन. सो मोस्ट ऑफ द टर्मरिक रीच्ड द मार्केट बिटवीन मार्च अँड मे."

मोजून बघा, पंच्याहत्तरच्या आसपास शब्द आहेत. ती 36 सेकंदांत थांबली. फेब्रुवारीचा आकडा आला नाही, मेचाही नाही, आणि तरी काही बिघडलं नाही. शेवटच्या वाक्याकडे मात्र नीट बघा. मार्च, एप्रिल आणि मे मिळून 235 हजार पोती होतात, सहा महिन्यांची बेरीज 315 हजार. म्हणजे "मोस्ट" हा शब्द आकड्यांवर उभा आहे. शेवटी काहीतरी म्हणायचं म्हणून "धिस इज व्हेरी इम्पॉर्टंट फॉर फार्मर्स" असं ठोकून देणारे खूप असतात. ते चित्रात कुठेच नाही, आणि आशयाच्या गुणांत त्याची किंमत शून्य.

इथेच पाठ केलेल्या साच्यांबद्दल बोलते, कारण आमच्याकडे येणारा प्रत्येक जण मोबाइलमध्ये एक साचा घेऊनच येतो. "द गिव्हन इमेज प्रोव्हाइड्स क्रूशियल इन्फर्मेशन अबाउट..." पासून सुरू होणारा, कुठल्याही चित्राला चालणारा. पूर्वी त्यावर बरंच निभावून जायचं. ऑगस्ट 2025 मध्ये परीक्षेत बदल झाले, आणि आता अशा प्रश्नांच्या आशयावर माणूस परीक्षकाचीही नजर असते. मला मुळात साच्याची वेगळीच भीती वाटते. साच्याचे पंचवीस शब्द म्हणजे आपल्या चाळीस सेकंदांतले बारा-तेरा सेकंद. तेवढ्यात वरच्या उत्तरातली पहिली दोन वाक्यं बोलून तिसरं सुरू झालेलं असतं. पहिलं वाक्य कसं सुरू करायचं याची सवय असावी, "द बार चार्ट शोज" एवढी. पुढचे शब्द चित्रातूनच आले पाहिजेत.

स्तंभांखेरीजची चित्रंही असतात, पण पद्धत तीच. वर्तुळाचे भाग असतील तर सगळ्यात मोठा, सगळ्यात छोटा, आणि दोन मिळून अर्ध्याहून जास्त होतात का ते बघायचं. प्रक्रियेचं चित्र असेल तर आधी टप्पे मोजायचे. "सिक्स स्टेजेस" म्हटल्यावर पहिला आणि शेवटचा टप्पा नक्की सांगायचा, मधले वेळ असेल तसे. नकाशाचे दोन काळ दाखवले असतील तर काय नवं आलं आणि काय गेलं, दिशेसह. साधं छायाचित्र असेल तर समोर काय, मागे काय, माणसं काय करताहेत. नकाशे मुलांना अवघड जातात, कारण उत्तर-दक्षिण इंग्रजीत चटकन येत नाही. त्यासाठी आयर्विन पुलावर उभं राहून चारी बाजूंना काय आहे ते इंग्रजीत सांगायला लावते. नदी पायाखालून वाहत असताना दिशा चुकत नाहीत.

लेक्चर: दहा सेकंद लिहायला नाहीत

रीटेल लेक्चरमध्ये नव्या मुलांची एकच मोठी चूक होते. ऐकताना ती नुसती ऐकतात आणि तयारीच्या दहा सेकंदांत लिहायला घेतात. लिहायचं ते ऐकतानाच. दहा सेकंद आहेत ती लिहिलेल्याला क्रम द्यायला.

आणि ऐकतानाही सगळं लिहायचं नाही. बोलणारा "बट", "हाउएव्हर", "सो", "बिकॉज" म्हणाला की कान टवकारायचे. या शब्दांनंतरच बहुधा त्याचा मुद्दा येतो. नावं, आकडे आणि कारण दाखवणारा बाण, एवढं कागदावर आलं की पुरे. नोंदी इंग्रजी शब्दांतच करायच्या, अर्धे लिहिले तरी चालेल. मराठीत लिहिणं पटकन होतं, हे मान्य. पण मग बोलताना प्रत्येक शब्द पुन्हा उलटवावा लागतो आणि वर सांगितलेलं अडखळणं परत येतं.

समजा लेक्चर शहरातल्या उष्म्यावर आहे. बोलणारा सांगतो की शहरं आसपासच्या गावांपेक्षा गरम असतात आणि हा फरक रात्री जास्त जाणवतो. कारण डांबर आणि काँक्रीट दिवसभर उष्णता शोषून घेतात आणि रात्री हळूहळू सोडतात. झाडं कमी असल्याने बाष्पीभवनातून मिळणारा थंडावाही मिळत नाही. गाड्या आणि एसी त्यात भर घालतात. मध्येच तो त्याच्या लहानपणीच्या गच्चीची आठवण सांगतो. शेवटी फिकट रंगाची छपरं आणि झाडं हे उपाय सांगतो.

चांगल्या नोंदीत सहा ओळी असतात: सिटी, मोठं असल्याची खूण, व्हिलेज. नाइट, त्याखाली रेघ. काँक्र, बाण, हीट. ट्रीज, खाली बाण. कार, एसी. रूफ लाइट, ट्रीज. गच्चीची आठवण नाही. आठवण ऐकताना पेन खाली ठेवायचं आणि पुढच्या "सो"ची वाट बघायची.

आता दहा सेकंद. पहिली चार सेकंद नोंदींना आकडे द्यायचे, एक ते चार: मुद्दा, मुख्य कारण, इतर कारणं, उपाय. बोलणाऱ्याचा क्रम बहुतेक वेळा चालतो, पण काही जण उपाय आधी सांगून कारणाकडे वळतात, तेव्हा आकड्यांचा उपयोग होतो. पुढची चार सेकंद प्रत्येक आकड्याला क्रियापद: आर हॉटर, ॲब्झॉर्ब, ॲड, रेकमेंडेड. शेवटच्या दोन सेकंदांत पहिलं वाक्य जिभेवर.

"द स्पीकर एक्सप्लेन्ड व्हाय सिटीज आर हॉटर दॅन द व्हिलेजेस अराउंड देम, एस्पेशली ॲट नाइट. द मेन रीझन इज दॅट काँक्रीट अँड रोड्स ॲब्झॉर्ब हीट ड्युरिंग द डे अँड रिलीज इट स्लोली आफ्टर सनसेट. सिटीज ऑल्सो हॅव फ्यूअर ट्रीज, सो देअर इज लेस कूलिंग फ्रॉम इव्हॅपरेशन. कार्स अँड एअर कंडिशनर्स ॲड मोअर हीट. ही रेकमेंडेड लाइट-कलर्ड रूफ्स अँड मोअर ट्रीज."

यात "बिकॉज"चं काम "द मेन रीझन" आणि "सो" करतात. लेक्चरमधले शब्द नुसते सुटे सुटे फेकले, "सिटी, हीट, नाइट, काँक्रीट, ट्रीज" असे, तर ऐकणाऱ्याला काय कशामुळे होतं ते कळत नाही. जोडणी हाच आशय आहे.

आणि लेक्चरचा मधला भाग कळलाच नाही तर? असं होतं, उच्चार ओळखीचा नसतो, विषय परका असतो. तेव्हा जे दोन मुद्दे नक्की कळले ते नीट जोडून सांगायचे आणि तिसाव्या सेकंदाला थांबायचं. न ऐकलेलं रचून सांगायचं नाही. चाळीस सेकंद भरलेच पाहिजेत असा नियम नाही.

चूक झाली की

"रोज"ऐवजी "फेल" तोंडातून गेलं तर? अर्थ उलटा झाला, तर एकदाच दुरुस्त करायचं आणि पुढे जायचं. "द"ऐवजी "अ" गेलं तर मागे वळायचंच नाही. माझी एक विद्यार्थिनी पहिल्या परीक्षेत "इव्हॅपरेशन" हा शब्द आठवायला थांबली. तीन सेकंद झाली, रेकॉर्डिंग संपलं, आणि पडद्यावर पुढचा प्रश्न यायची वाट बघत ती बसली. शब्द आठवत नसेल तर साधं बोलायचं: "ट्रीज कीप द एअर कूल." "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" हेही शब्द शोधतानाच येतात. साधं वाक्य हाताशी असलं की त्यांची गरज कमी होते.

परीक्षेच्या खोलीत एकाच वेळी दहा-बारा जण बोलत असतात. पहिल्यांदा बसणाऱ्याला हे सगळ्यात जास्त खटकतं. शेजारचा मोठ्याने "द पाय चार्ट" म्हणायला लागला की आपल्या तोंडातही पाय चार्ट येतो. म्हणून शेवटचे आठ दिवस मी मुलांना शांत खोलीत सराव करू देत नाही. हेडफोन लावून सांगलीच्या एसटी स्टँडवर बसायचं, मिरजेच्या गाडीची घोषणा चालू असताना. तिथे 36 सेकंद न थांबता बोलता आलं तर पुण्याच्या केंद्रातही येतं.

सरावाची तपासणी मात्र घरात करायची. मोबाइलवर रेकॉर्ड केलेलं उत्तर घरातल्या कुणाला तरी ऐकवा, ज्याने तो आलेख पाहिलेला नाही. त्याच्या हातात कागद-पेन द्या आणि ऐकून आलेख काढायला सांगा. त्या नर्सचं पहिलं उत्तर ऐकून तिच्या धाकट्या भावाने चार सारखेच स्तंभ काढले आणि विचारलं, "ताई, पुढे काय?" तीन आठवड्यांनंतरचं उत्तर ऐकून त्याने चढण काढली, मार्चवर टोक काढलं आणि जूनला रेघ जवळजवळ तळाला टेकवली. फेब्रुवारी आणि मेची उंची त्याने अंदाजाने भरली होती, आणि अंदाज बऱ्यापैकी बरोबर होता.